कंडक्टर तात्यांच्या निरोपाचा व्हिडिओ: क्लिपा मागवण्यापासून शेवटच्या मिनिटापर्यंत

प्रश्न: आमच्या डेपोतले कंडक्टर तात्या ३१ मे ला रिटायर होतायत, ३४ वर्षं सर्व्हिस झाली. किनाऱ्यावरचा छोटा डेपो आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. मी ग्रुपवर 'तात्यांसाठी दोन शब्द बोलून पाठवा' असा मेसेज टाकला, आतापर्यंत आठ-नऊ क्लिपा आल्या, पण सगळे तेच बोलतात: मनमिळाऊ, हसतमुख, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. कुणाचा मोबाईल उभा, कुणाचा आडवा, वाऱ्यामुळे काहींचं ऐकूच येत नाही. पहिली क्लिप डेपो मॅनेजर साहेबांची लावायची का? आणि शेवट रडका नको, पण मनाला लागला पाहिजे. काइनमास्टर येतं मला. कसं करू?

उत्तर:

मी कुडाळला लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. निरोप समारंभाचे व्हिडिओही दरवर्षी हातून जातात, त्यात एसटीवाल्यांचे बरेच. तुमच्या तात्यांसारख्याच एका कंडक्टरचा, त्यांना नाना म्हणू या, व्हिडिओ मी केला होता. उदाहरणं त्यातलीच देतो.

आधी तो मेसेज बदला. माणसाला 'दोन शब्द बोला' म्हटलं की तो सत्काराच्या भाषणातले शब्द बोलतो, कारण आपण त्याच्याकडे तेच मागितलेलं असतं. एक प्रसंग मागा, आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारा. ग्रुपवर टाकू नका. एकेकाला फोन करा किंवा त्याच्या खासगी नंबरवर लिहा. नानांच्या वेळी ड्रायव्हर मंडळींना विचारलं होतं, "नानांबरोबर गाडी कुठे अडकली होती आणि तेव्हा ते काय म्हणाले?" नवीन पोरांना विचारलं, "पहिल्या ड्युटीला त्यांनी तुला काय शिकवलं?" कंट्रोलरना विचारलं, "नाना तुमच्याशी कशावरून भांडले?" हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. भांडणाची गोष्ट सांगताना माणूस हसतो, हातवारे करतो, खरं बोलतो. कॅशिअर म्हणाले, "एक रुपया जास्त निघाला म्हणून हा माणूस अर्धा तास हिशेब करत बसला होता, मी म्हटलं राहू दे, तर माझ्यावरच चिडला." नाना प्रामाणिक होते हे त्यानंतर कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

मेसेजमध्ये तीनच सूचना ठेवा. मोबाईल आडवा धरा. एक मिनिटाच्या आत बोला. शेवटचं एक वाक्य कॅमेऱ्यात बघून थेट तात्यांना उद्देशून बोला, म्हणजे 'तात्या हे असे होते' असं नको, 'तात्या, तुम्ही...' असं. हे थेट बोललेलं वाक्य शेवटी फार उपयोगी पडतं, ते पुढे सांगतो. ज्यांनी शुभेच्छांच्या क्लिपा आधीच पाठवल्यात त्यांना वाईट वाटू देऊ नका. "तुमची मिळाली, छान आहे, फक्त एवढी एक गोष्ट अजून सांगा" असं म्हणा.

तारीख मात्र आत्ताच ठरवून टाका. मे म्हणजे चाकरमानी गावी आलेले, लग्नं चालू, जादा गाड्या सुटलेल्या, तुमची निम्मी माणसं डबल ड्युटीवर. त्यामुळे १५ मे ही शेवटची तारीख सांगा आणि मनातल्या मनात २० धरा. जे बोलायला बुजतात किंवा ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्यांना तुम्ही स्वतः गाठा. ड्युटी बदलायच्या वेळी कॅश भरायला सगळेच डेपोत येतात, तिथे दोन संध्याकाळ थांबलात तरी पाच-सहा जण होतात. तात्यांच्या बरोबरीचे जे आधीच रिटायर झालेत त्यांना विसरू नका. सगळ्यात जुन्या गोष्टी त्यांच्याकडेच असतात.

शूटिंग कुठे करायचं? डेपोच्या आवारात करू नका. इंजिनं चालू असतात, माईकवर गाड्यांची घोषणा असते, आणि आपल्याकडे दुपार झाली की समुद्रावरून वारा सुरू होतो. तो वारा मोबाईलच्या माईकवर आपटला की जो फडफडाट होतो, तो नंतर कुठल्याही ॲपने नीट निघत नाही. वारा कमी करायला जावं तर आवाजही पातळ होतो. उत्तम जागा तुमच्याकडेच उभी आहे: वर्कशॉपच्या मागे लावलेली रिकामी गाडी. काचा लावा, माणसाला खिडकीजवळच्या सीटवर बसवा, तोंडावर खिडकीचा उजेड येईल असं. सीटच्या गाद्या आवाज शोषतात, त्यामुळे घुमत नाही. मोबाईल पुढच्या सीटच्या दांड्यावर टेकवा, तोंडापासून दोन-अडीच फुटांवर. शिवाय मागे एसटीच दिसते, वेगळं बॅकग्राउंड शोधायला नको. मेच्या दुपारी काचा लावून बसवत नाही, म्हणून हे सकाळी नऊच्या आत उरका.

क्लिप पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. मोबाईलवर ते कळत नाही, पण हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर चेहरा पुसट आणि चौकटी-चौकटीचा दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल जशीच्या तशी येते. गावात रेंज नसेल तर डेपोत आल्यावर पाठवू दे, घाई नाही. आली की लगेच नाव बदलून ठेवा, कुणाची आणि कशाबद्दल: 'परब_घाट', 'कॅशिअर_एकरुपया' असं. नाहीतर वीस फाईलींमध्ये हवी ती शोधण्यातच रात्र जाते.

आलेल्या उभ्या क्लिपा कापून आडव्या करू नका, कपाळ तरी जातं नाहीतर हनुवटी. आडव्या फ्रेममध्ये उभी क्लिप पूर्ण उंचीची ठेवली तर तशा तीन शेजारीशेजारी बसतात. म्हणून ज्या उभ्या क्लिपांमध्ये फक्त शुभेच्छा आहेत त्या तीन-तीन करून एका फ्रेममध्ये ठेवा आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य पाळीपाळीने ऐकू द्या. आधीच्या शुभेच्छांच्या क्लिपांची सोय अशी होते आणि कुणी वगळलं गेल्याची तक्रारही राहत नाही. उभ्या क्लिपेत चांगला प्रसंग असेल तर ती एकटी मधोमध ठेवा आणि दोन्ही बाजूंना त्याच क्लिपेची धूसर केलेली पार्श्वभूमी द्या.

आता क्रमाबद्दल. काइनमास्टर उघडायच्या आधी कागदाच्या चिठ्ठ्या करा. एका क्लिपेला एक चिठ्ठी. वर नाव, खाली प्रसंग एका ओळीत, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य जसंच्या तसं. मोबाईलच्या पडद्यावर क्लिपा पुढे-मागे सरकवत बसलात तर आधी आलेल्या क्लिपा आधी लागतात आणि हुद्द्याचा क्रम आपोआप डोक्यात शिरतो. चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या की कोण कुणाच्या शेजारी बसतंय ते दिसतं.

हुद्द्याने लावू नका, वर्षांप्रमाणेही लावू नका. वर्षांप्रमाणे लावलं तर सुरुवातीच्या गोष्टी सांगणारे दोन-तीनच म्हातारे असतात आणि शेवटच्या पाच वर्षांत गर्दी होते. कंडक्टरसाठी मला पटलेला क्रम म्हणजे ड्युटीचा एक दिवस. नानांचा व्हिडिओ असा उभा राहिला: पहाटे हेडलाइट लावून उभी पहिली गाडी, तिथे नवीन पोरांच्या 'पहिल्या ड्युटीला काय शिकवलं' या क्लिपा. मग गर्दीचा स्टँड, तिथे गणपतीतल्या जादा गाड्यांचे किस्से आणि कंट्रोलरशी भांडणं. दुपारनंतर घाट आणि पाऊस, म्हणजे अडचणीतले प्रसंग. संध्याकाळी डेपोत कॅश भरणं, तिथे ती एक रुपयाची गोष्ट. आणि रात्री वस्तीची गाडी, शेवटच्या गावात मुक्काम. चौतीस वर्षं एका दिवसात बसतात आणि बघणाऱ्यांना पुढे काय येणार हे न सांगता कळत राहतं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तीन-चार सेकंदांचं एक दृश्य पुरतं: हेडलाइट, स्टँडवरचा फलक, ओल्या काचेवरचा वायपर, हिशेबाचं टेबल. ही दृश्यं तुम्ही एका दिवसात मोबाईलवर घेऊ शकता. वायपरसाठी पावसाची वाट बघू नका, गाडी धुताना घ्या.

साहेबांची क्लिप पहिली लावू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात हॉल शांत झाला नाही तर नंतर होत नाही, आणि औपचारिक भाषणाने तो शांत होत नाही. सुरुवातीला सगळ्यात हसवणारी छोटी क्लिप हवी. साहेबांची जागा संध्याकाळच्या भागाच्या शेवटी, कॅश भरून झाल्यावर. कामावरून मोकळं करणं हे त्यांचंच काम, म्हणून तिथे ती शोभते. पंधरा सेकंद ठेवा आणि साहेबांना आधीच सांगून ठेवा: "साहेब, तुमची क्लिप ड्युटी संपते तिथे घेतलीय." व्यासपीठावर ते बोलणारच आहेत, त्यामुळे आधी सांगितलं की कुणी हरकत घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

दोघांनी एकच प्रसंग सांगितला तर एकाची क्लिप टाकून देऊ नका. याच जागी व्हिडिओ खरा रंगतो. नानांच्या बाबतीत फोंडा घाटात झाड पडून रात्रभर अडकलेल्या गाडीची गोष्ट ड्रायव्हर परबांनीही सांगितली होती आणि कंट्रोलरनीही. दोघांची एकेक मिनिटाची क्लिप होती. मी त्या अशा विणल्या:

परब: "झाड आडवं. पाऊस असला की समोरचं दिसेना. गाडी बंद केली."
कंट्रोलर: "साडेनऊ वाजले, गाडी नाही. तेव्हा मोबाईल कुठे होते सगळ्यांकडे?"
परब: "मागे एक लहान पोर रडत होतं. नाना छत्री घेऊन उतरले, म्हणाले दूध मिळतं का बघतो. मी म्हटलं वेडे झालात काय."
कंट्रोलर: "सकाळी गाडी आली. मी रागावलेलोच होतो. विचारलं, काय झालं?"
परब: "दूध घेऊनच आले की."
कंट्रोलर: "तर मलाच म्हणतात, रिपोर्ट मागाहून, आधी चहा सांगा, चाळीस माणसं उपाशी आहेत."

दोन मिनिटांचा मजकूर पस्तीस सेकंदांत आला आणि एकट्या कुणाच्याही क्लिपेपेक्षा जास्त सांगून गेला. हे करताना दोन गोष्टी सांभाळा. वाक्य तोडायचं तर श्वास घेतलेल्या जागी तोडा, शब्दाला चिकटून नको. आणि पुढच्या माणसाचा आवाज त्याचं चित्र यायच्या अर्धा सेकंद आधी सुरू करा. काइनमास्टरमध्ये आवाज क्लिपेपासून वेगळा काढून थोडा अलीकडे ओढला की झालं. असं केलं की दोघे एकाच खोलीत बसून बोलतायत असं वाटतं. मात्र कापून जोडताना कुणाच्या बोलण्याचा अर्थ बदलत नाही ना, हे पूर्ण क्लिप परत ऐकून तपासा. शंका आली तर त्या माणसाला दाखवा.

बाकी क्लिपांत सुरुवातीचं 'हां, चालू झालं काय' कापा, पण शेवटच्या शब्दानंतर पाऊण सेकंद राहू द्या. माणूस बोलून झाल्यावर जे हसतो किंवा खाली बघतो तेच कित्येकदा त्या क्लिपेतलं सगळ्यात चांगलं असतं. एकाला सरासरी अठरा-वीस सेकंद मिळाले तर वीस-बावीस जणांचे सात मिनिटं होतात. आठच्या वर जाऊ देऊ नका. नावाच्या पट्टीवर नाव आणि नातं लिहा, 'चालक, वस्तीच्या गाडीवर सोबत' असं. देवनागरी जोडाक्षरं काही फॉन्टमध्ये फुटतात, 'ट्र' आणि 'र्‍या' बघून घ्या. फुटत असतील तर पट्टी दुसरीकडे लिहून चित्र म्हणून आणा.

तात्यांच्या जोडीदारांपैकी कुणी वारलेलं असेल तर त्यांचा फोटो घ्याच, घरच्यांना विचारून. पण तो मध्यावर ठेवा, ज्या प्रसंगात ते होते त्या प्रसंगाच्या शेजारी, पाच-सहा सेकंद. शेवटी ठेवलात तर सगळा हॉल त्या माणसाच्या आठवणीत जातो आणि तात्यांचा निरोप बाजूला पडतो.

आता शेवट. रडका होऊ नये असं तुम्ही म्हणता ते अगदी योग्य आहे, आणि त्याला व्यावहारिक कारणही आहे: व्हिडिओ संपल्यावर लगेच तात्यांना उठून बोलायचं असतं. त्यांचा गळा दाटलेला असला तर बोलणं होत नाही. म्हणून शेवट भरून आणणारा हवा, पण शेवटच्या क्षणी हसू यायला हवं. नानांच्या शेवटच्या पन्नास-साठ सेकंदांत मी काय केलं ते क्रमाने सांगतो.

वस्तीच्या गाडीचा शेवटचा किस्सा संपला. मग सगळ्यांनी कॅमेऱ्यात बघून बोललेली ती थेट वाक्यं एकामागून एक, प्रत्येकी दोन-तीन सेकंद. सुरुवातीला दोन माणसं एकेकटी, मग तिघे एका फ्रेममध्ये, मग परत एकेकटी. इथवर खाली हलकं वाद्यसंगीत आहे. शेवटच्या वाक्याला ते हळूहळू उतरवलं आणि पूर्ण बंद केलं. संगीत बंद होणं महत्त्वाचं, कारण पुढचा आवाज कानांना उघडा मिळायला हवा.

मग नानांच्या अंगणाचं दृश्य, दारासमोरची तुळस, बाजूला चपला. त्यावर त्यांच्या बायकोचा फक्त आवाज. त्या कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, आणि ते बरंच झालं. मुलीने मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या: "आता वस्ती नाय. रात्री जेवाक घराक येवा." हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक कंडक्टर-ड्रायव्हरच्या घरी हे वाक्य लागू होतं. यावर दोन सेकंद काहीच नाही, ना बोलणं ना संगीत.

मग रिकाम्या गाडीत परब ड्रायव्हर, कंडक्टरच्या जागेवर उभे. म्हणतात, "नाना, इतकी वर्षं तुम्ही बेल दिलीत नि मी गाडी सोडली. आज बेल मी देतो." आणि दोरी ओढतात, दोनदा. डबल बेल म्हणजे गाडी सोडा. चित्र तिथेच कापलं आणि पडदा काळा. नाना हसत उठले. नवीन गाड्यांत दोरीची घंटी नसते, पण वर्कशॉपमध्ये एखादी जुनी गाडी सापडतेच. तिचा आवाज गाडीतच, मोबाईल घंटीपासून तीन-चार फुटांवर धरून वेगळा रेकॉर्ड करा. अगदी जवळ धरलात तर आवाज फाटतो.

ही बेल तुम्हीही वापरू शकता, ती सगळ्या कंडक्टरांची आहे. पण घरचं वाक्य तात्यांचं स्वतःचं हवं. काकूंना किंवा मुलांना 'शुभेच्छा द्या' म्हणू नका. विचारा, "१ जूनला सकाळी तात्या घरी असतील तेव्हा काय होईल?" ज्या उत्तरात एखादी रोजची गोष्ट येते, बागेतलं पाणी, नातवाची शाळा, आंब्याच्या पेट्या, ते घ्या. आणि बेलनंतर 'पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे जावो' ही पाटी, धन्यवाद, तुमचं नाव, काही लावू नका. लावायचंच असेल तर सुरुवातीला. काळा पडदा मात्र पाच सेकंद ठेवा, नाहीतर टीव्हीवर लगेच पेनड्राइव्हची यादी उघडते.

आवाजाचं एकच काम राहिलं. सगळा व्हिडिओ डोळे मिटून ऐका आणि जिथे आवाज अचानक चढतो किंवा बुडतो तिथे त्या क्लिपेचा आवाज शेजारच्यांशी जुळवा. संगीत इतकं खाली हवं की बोलणं चालू असताना ते आहे हे विसरायला व्हावं. सिनेमातलं गाणं घेतलंत तर हॉलमध्ये चालून जाईल, पण यूट्यूबवर टाकल्यावर त्यावर हक्काचा दावा येऊ शकतो. म्हणून यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं वाद्यसंगीत घ्या.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये, त्याच टीव्हीवर, त्याच पेनड्राइव्हवरून पूर्ण चालवून बघा. प्रोजेक्टर असेल तर दुपारच्या उजेडात चित्र फिकं पडतं, समुद्राकडच्या खिडक्यांना चादरी लावायला माणूस ठरवा. टीव्हीचा आवाज पंख्यांखाली मागच्या रांगेला जात नाही, साऊंडवाल्याच्या मिक्सरला वायर जोडून घ्या. मेअखेरीस वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, म्हणून इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते विचारून ठेवा आणि व्हिडिओची एक कॉपी चार्ज केलेल्या लॅपटॉपवर ठेवा. सगळ्यांच्या न कापलेल्या क्लिपा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घालून त्याच दिवशी तात्यांच्या मुलाकडे द्या. तुमच्या मोबाईलमधून त्या महिन्याभरात जागेसाठी डिलीट होतील.